बादलीतलं खत आणि चिलटं

दिंडोशीत नागरी निवाऱ्यासारख्या वसाहतींमध्ये झाडं भरपूर, त्यामुळे वाळलेला पाला आयताच मिळतो. बादलीतल्या खताला सालींइतकीच या पाल्याची गरज असते.

वीस लिटरच्या जुन्या बादलीला तळाशी आणि बाजूंनी भोकं पाडा, खाली ताटली ठेवा. तळात चार बोटं पाला पसरा. मग रोज भाजीची देठं, फळांची सालं बारीक चिरून टाका आणि एक वाटी सालींवर दोन वाट्या चुरलेला पाला घाला. सुरुवातीला मूठभर जुनं खत किंवा कुंडीतली माती मिसळली की काम लवकर सुरू होतं.

आता समजा, जुलैतल्या पावसात बादलीला कुजका वास सुटला. एक मूठ उचलून दाबून पाहा. बोटांमधून पाणी ठिबकलं, तर आत हवा उरलेली नाही, वास त्याचाच. सगळं तळापासून वरखाली करा, पाला किंवा नारळाचा कोरडा भुसा मिसळा आणि ताटलीतलं पाणी फेकून द्या. पुन्हा मूठ दाबल्यावर लाडू वळला, पण पाणी गळलं नाही, म्हणजे ओल बरोबर. दोन-तीन दिवसांत वास ओसरतो.

चिलटं मात्र उघड्या सालींवर अंडी घालतात, विशेषतः केळी-आंब्याच्या. म्हणून वरचा थर नेहमी दोन बोटं जाड, कोरड्या पाल्याचाच हवा. बादलीवर जुनं सुती कापड घट्ट बांधा. शिजलेलं अन्न, मासळी यात नकोच.

दोन-तीन महिन्यांत सालं ओळखू येईनाशी होतात आणि पहिल्या पावसासारखा मातीचा वास येतो. मग हे खत चाळून कुंडीत घाला.