फीएवढे नव्हे, तुटीएवढे कर्ज
(पालक व हितचिंतकांच्या मेळाव्यात एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज सुरगाण्याहून, पेठहून पहाटेची एसटी पकडून आलेल्या पालकांनो,

माझी नोकरी बँकेत गेली. त्यातली बरीच वर्षे मी शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर बसलो. म्हणून आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. मुलीला नर्सिंगला घालायचे आहे. शिष्यवृत्ती आहे, घरची थोडी बचत आहे आणि बँकही कर्ज द्यायला तयार आहे. मग कोणता पैसा कुठे लावायचा?

आधी माझी एक चूक सांगतो. एका आदिवासी मुलाचे कर्ज मी मंजूर केले. कॉलेजने पूर्ण फीचे पत्र दिले आणि आम्ही पूर्ण फी कॉलेजला पाठवली. त्याला शिष्यवृत्तीही होती, पण ती पुढच्या वर्षी आली. तोवर फी भरलेली असल्याने कॉलेजने तेवढी रक्कम त्याच्या घरी परत केली. घरात लग्न होते, पैसे त्यात गेले. कोणी लबाडी केली नाही. पण ज्या फीसाठी सरकारने पैसे दिले, त्याच फीचे कर्ज तो मुलगा नोकरी लागल्यावर कितीतरी वर्षे फेडत राहिला. अर्ज घेताना मी त्याला एक प्रश्न विचारायला हवा होता: "शिष्यवृत्ती वजा जाता तुला कमी किती पडतात?" तो मी विचारला नाही.

आता एका कुटुंबाचा हिशेब मांडतो. नाव सांगत नाही. सुरगाणा तालुक्यातले घर आहे. आईवडील पावसाळ्यात स्वतःची भात-नागली करतात आणि हंगामात दिंडोरी-निफाडला द्राक्षबागेत कामाला जातात. मुलीला नाशिकच्या एका खासगी कॉलेजात चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला सरकारी प्रवेश फेरीतून जागा मिळाली. सरकारी फेरीतून, हे शब्द लक्षात ठेवा. व्यवस्थापन कोट्यातून, एजंटामार्फत घेतलेल्या जागेला फीची शिष्यवृत्ती मिळत नाही, आणि मग पुढचा सगळा हिशेब कोसळतो.

कॉलेजचे वर्षाचे शुल्कपत्रक 1,05,000 रुपयांचे होते. त्यात शिकवणी व परीक्षा शुल्क 85,000 आणि इतर आकार 20,000. नाशिकला राहण्या-जेवणाला महिना 6,000 धरले, तर दहा महिन्यांचे 60,000. पुस्तके, गणवेश, जाण्यायेण्याचे 10,000. एकूण वर्षाला 1,75,000, म्हणजे चार वर्षांचे सात लाख.

वडील म्हणाले, "साहेब, सात लाखांचंच कर्ज काढू. कटकट नको."

मी म्हटले, "दादा, आधी हप्ता बघू." व्याज दहा टक्के धरले. शिक्षणाची चार वर्षे आणि नंतरचे एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, पण व्याज चढत राहते. दरवर्षी पावणेदोन लाख उचलले, तर पाच वर्षांनी व्याजच 2,45,000 होते. मुद्दल धरून 9,45,000. ते दहा वर्षांत फेडायचे म्हटले, तर महिन्याचा हप्ता साडेबारा हजारांच्या आसपास येतो. त्यांच्याच गावची एक मुलगी नर्स होऊन खासगी दवाखान्यात लागली होती. तिला पगार 16,000. हप्ता भरून उरलेल्या साडेतीन हजारांत ती शहरात राहणार कशी? हप्ता थकला, तर सहकर्जदार म्हणून सही केलेल्या बापाच्या दारात बँक येते.

मग आम्ही कागद उलटा धरला. आधी शिष्यवृत्ती, मग घरचे आणि शेवटी कर्ज.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्याने अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू होती. महाडीबीटीवर अर्ज केला आणि 85,000 चा भार तिथे गेला. मुलीला शासकीय आदिवासी वसतिगृहात जागा मिळाली नाही. अशा विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. तिची नाशिकसाठीची रक्कम आम्ही हिशेब केला त्या वर्षी 51,000 होती. वसतिगृह आणि स्वयम् यांपैकी एकच मिळते, दोन्ही नाही.

आता काय उरले? इतर आकाराचे 20,000, राहण्या-जेवणातले 9,000 आणि पुस्तके-प्रवासाचे 10,000. वर्षाला एकूण 39,000. बचत गटातून आणि मजुरीतून वर्षाला 15,000 देता येतील, असे आई म्हणाली. त्यातून जेवणाचे 9,000 आणि प्रवासाचे 6,000 भागले. इतर आकाराचे 20,000 आणि पुस्तके-गणवेशाचे 4,000, असे 24,000 कर्जातून. चार वर्षांचे मुद्दल झाले 96,000. कुठे सात लाख आणि कुठे हे!

बचतीचे काय, असे तुम्ही विचाराल. त्या घरी साठवलेले 40,000 होते. वडिलांना ते पहिल्याच दिवशी कॉलेजात भरून टाकायचे होते. मी हात धरला. कारण शिष्यवृत्ती मिळते, पण उशिरा मिळते. स्वयम् चे पैसेही हप्त्याहप्त्याने येतात, आणि पहिला हप्ता यायला कित्येक महिने जातात. मुलगी जेवणार मात्र पहिल्या दिवसापासून. सहा महिन्यांचे 36,000 कुठून आणायचे? बचत फीत गेली असती, तर हे पैसे सावकाराकडून आले असते. म्हणून ती बचत बियाण्यासारखी वापरायची. आधी त्यातून खर्च भागवायचा आणि स्वयम् चा हप्ता आला की पहिल्यांदा ती भरून काढायची. बियाणे खाऊन टाकले तर पुढच्या वर्षी पेरायला काही नाही.

आता बँकेत काय करायचे ते सांगतो. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असले की पुरते. त्यामुळे एवढ्या रकमेसाठी कोणी जमिनीचे कागद गहाण मागितले, तर देऊ नका. शाखाधिकाऱ्यांकडे लेखी कारण मागा. आम्ही मंजुरी अडीच लाखांची घेतली, पण उचल मात्र वर्षाला 24,000 चीच. व्याज मंजुरीवर नाही, उचलीवर लागते. एखाद्या वर्षी शिष्यवृत्ती अडली, तर ही शिल्लक मंजुरी हाताशी असते; नव्याने धावपळ करावी लागत नाही.

बँक फी थेट कॉलेजला पाठवते. म्हणून कॉलेजकडून एकरकमी आकड्याचे पत्र घेऊ नका. रकाने वेगळे दाखवणारे शुल्कपत्रक घ्या आणि अर्जात स्पष्ट लिहा: शिकवणी शुल्क शिष्यवृत्तीतून, इतर आकार कर्जातून. शिष्यवृत्तीच्या भरवशावर कॉलेज थांबायला तयार नसेल आणि नाइलाजाने पूर्ण फी कर्जातून गेली, तर परत येणारी रक्कम कर्जखात्यातच जमा होईल, असे बँकेला लिहून द्या. हे माझ्या त्या चुकीतून शिकलो आहे.

आणखी एक लहान गोष्ट. शिकत असतानाच व्याज भरत राहा. पहिल्या वर्षी 24,000 वर महिन्याला 200 रुपये, दुसऱ्या वर्षी 400, मग 600, मग 800. त्या माउलीने ते बचत गटातून भरायचे कबूल केले. तसे केले, तर नोकरी लागताना डोक्यावर फक्त 96,000 असतील आणि पाच वर्षांचा हप्ता 2,040 च्या आसपास येईल. 16,000 पगारात तो निघतो. न भरल्यास तोच हप्ता 2,750 होतो. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलेल्यांसाठी केंद्राची व्याज अनुदान योजना आहे. नर्सिंगच्या बाबतीत कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, ते पाहा आणि बँकेला दावा करायला सांगा. पण ते धरून हिशेब करू नका. मिळाले तर तेवढा भार हलका होईल.

हा हिशेब मोडतो कुठे? बहुतेक वेळा कागदावर. जात वैधता प्रमाणपत्र वेळेवर नसते. किंवा आधार भलत्याच, बंद पडलेल्या खात्याला जोडलेले असते आणि मंजूर रक्कम मुलीपर्यंत येतच नाही. किंवा दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज राहून जातो. किंवा अर्ज भरलेला असतो, पण कॉलेजच्या लॉगिनमध्ये पडून असतो, पुढे गेलेलाच नसतो. हे ओळखायचे कसे? दर सहा महिन्यांनी तीन कागद शेजारी ठेवा: महाडीबीटीवरील अर्जाची स्थिती, कॉलेजचा फी-उतारा आणि कर्जखात्याचा उतारा. एकच फी दोन ठिकाणांहून भरलेली दिसली, किंवा कुठूनच भरलेली दिसली नाही, तर त्याच आठवड्यात कॉलेजात जा. वर्ष संपल्यावर नाही.

शेवटी हितचिंतकांसाठी दोन शब्द. तुमच्यापैकी अनेक जण विचारतात, "एका मुलीची फी भरू का?" भावना चांगली आहे. पण या मुलीची फी सरकार भरते. तिला अडचण येते ती जुलै ते डिसेंबर. त्या सहा महिन्यांसाठी 36,000 बिनव्याजी उसने मिळाले आणि स्वयम् चा हप्ता आल्यावर परत घेतले, तर तीच रक्कम पुढच्या वर्षी दुसऱ्या घराच्या कामी येते. ज्या घरी 40,000 ची बचतच नाही, तिथे सावकार उभा असतो, आणि नेमकी तीच जागा तुम्हाला भरून काढता येईल. ज्यांना पैसे देणे जमत नाही, त्यांनी अर्जाच्या दिवसांत एक दुपार द्यावी आणि मुलामुलींचे आधार कोणत्या खात्याला जोडले आहे, तेवढे तपासून द्यावे.

ती मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या वर्षी तिचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनमध्ये अडकला होता. आईने तीन कागद शेजारी ठेवले, तेव्हा ते कळले. दिवाळीला भेटली तेव्हा ती म्हणाली, "साहेब, बियाणं अजून डब्यात आहे."

ज्यांनी शुल्कपत्रक बरोबर आणले आहे, त्यांनी थांबावे. आपण एकेकाचा हिशेब आत्ताच मांडू.