दम, तोल आणि पोट : मधल्या तीन महिन्यांतला व्यायाम

(लोणावळ्यात मावळातील महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दिवस गेलेल्या बाईला आपल्याकडे दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. लोणावळ्यात ब्लॉकमध्ये राहणाऱ्या सुनेला सांगतात, "जिना चढू नकोस, वाकू नकोस." पवन मावळात भातलावणीला उतरलेल्या सुनेला सांगतात, "कामं केलीस की बाळंतपण सोपं जाईल." दोन्ही सल्ल्यांत, तुझ्या अंगाला काय वाटते आहे, हे तिला कोणी विचारत नाही. ते तिचे तिने कसे ओळखायचे, एवढेच आज बोलू.

मी बोलते आहे ते चौथा महिना लागल्यापासून सहावा संपेपर्यंतच्या काळाबद्दल, म्हणजे साधारण १४ ते २७ आठवडे. बहुतेकींच्या उलट्या थांबलेल्या असतात आणि पोट फार जड झालेले नसते. म्हणून व्यायामाला हा काळ सोयीचा. पण याच काळात गर्भाशय वर येते, विसाव्या आठवड्याच्या सुमारास बेंबीपर्यंत पोचते. पोट पुढे आल्याने तोल बदलतो. सांध्यांना बांधून ठेवणाऱ्या शिरा सैल होतात. त्यामुळे एरवी सहज जमणारा व्यायाम आता जड जाऊ शकतो.

सर्वांत आधी तपासणी. अंगावरून रक्त जात असेल, पाणी जात असेल, वार खाली असल्याचे सोनोग्राफीत दिसले असेल, पिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, रक्तदाब वाढला असेल किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल, तर स्वतःच्या मनाने व्यायाम करायचा नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तिथे सरळ विचारा, "मला व्यायामाला काही अडचण आहे का?" नाही म्हणाले, तर पुढच्या तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली गोष्ट दम. पूर्वी नाडी १४० च्या वर जाऊ देऊ नका, असे सांगत. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ साली घातलेली ही मर्यादा त्यांनीच १९९४ साली काढून टाकली, कारण गरोदरपणात प्रत्येकीची नाडी वेगळी चालते. त्यापेक्षा बोलून पाहणे सोपे. चालता चालता सोबतिणीशी पूर्ण वाक्य बोलता येते का? येत असेल तर बरे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करा. एकवीरेचा डोंगर चढतानाही हेच करायचे. मात्र उतरताना दम लागत नाही आणि पाय घसरतो, म्हणून तिथे दुसरी गोष्ट पाहायची.

ती म्हणजे तोल. यात पडण्याची शक्यता आहे का? सपाट रस्त्यावर चालणे ठीक. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या, दोरीच्या उड्या, आधाराशिवाय एका पायावरचे वृक्षासन नको. तेच आसन भिंतीला हात टेकून करता येते. पण एका पायावर भार देताना जांघेत किंवा माकडहाडाजवळ कळ आली, तर तेही सोडा. सांधे सैल असल्याने ताण द्यायचा तो नेहमीपेक्षा थोडा अलीकडे थांबूनच.

तिसरी गोष्ट पोट. यात पोट दाबले जाते का, आत ओढले जाते का, श्वास कोंडतो का? याच लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली करताना पोटातला दाब किती बदलतो, हे उपकरणाने मोजून पाहिले होते. म्हणजे योग सौम्यच असतो, असे नाही. या दोन क्रिया, कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरणारा कुंभक या काळात नको. पालथे पडून करायची धनुरासन, शलभासन ही आसने नकोत. बराच वेळ उताणे पडून राहणेही नको, कारण पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि घाबरल्यासारखे होते, चक्कर येते. तसे झाले तर डाव्या कुशीवर वळा. उठताना पोटाच्या मध्यभागी उंचवटा फुगून आला, तर तो जोर पोटाला झेपत नाही असे समजा. कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन उठा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका बाईला २२ वा आठवडा आहे. हिमोग्लोबिन ९.६. गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी हलक्या व्यायामाला हरकत नाही म्हटले आहे. ती विचारते, "मला सूर्यनमस्कार चालतील का?" दम पाहिला तर तिला दोन नमस्कारांतच धाप लागते. तोल पाहिला तर पाय झटक्याने मागे नेताना ती डगमगते. पोट पाहिले तर साष्टांग स्थितीत ते जमिनीला लागते. तिन्हींचे उत्तर नाही असे आहे. म्हणून नमस्कार सोडायचा, पण त्यातले हात वर नेऊन ताणणे आणि भिंतीला तळवे टेकून जोर काढणे ठेवायचे. जोडीला सकाळ-संध्याकाळ दहा दहा मिनिटे चालणे. धाप, चक्कर नसेल तर दर आठवड्याला थोडी वाढ, आठवड्याचे दीडशे मिनिटे होईपर्यंत.

तीच बाई म्हणते, "मग लावणी हाच माझा व्यायाम नाही का?" लावणीलाही तेच प्रश्न लावू. दम कदाचित लागणार नाही. पण पाय चिखलात रुततात, कंबर तासन् तास वाकलेली असते, आणि मुख्य म्हणजे मनाला येईल तेव्हा थांबता येत नाही. व्यायाम आणि मजुरी यांतला फरक इथे आहे. वाकून चार तास लावणी केलेल्या दिवशी तिला वेगळ्या व्यायामाची नाही, आडवे होण्याची गरज आहे. हंडाही भरलेला उचलायचा नाही. अर्धी कळशी, दोन खेपांत, गुडघ्यांत वाकून.

व्यायाम ताबडतोब थांबवून दवाखाना गाठायचा तो केव्हा? रक्त किंवा पाणी गेले, ठरावीक अंतराने पोट घट्ट होऊन दुखू लागले, छातीत दुखले, बसल्या जागी धाप लागली, भोवळ किंवा जोराची डोकेदुखी आली, एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, तर. "थोडं बसलं की बरं वाटेल" म्हणून वाट पाहू नका. बाळाची हालचाल जाणवू लागल्यावर ती कमी वाटली, तरी त्याच दिवशी दाखवा.

आणि गटाने करायचे ते हे. लावणीच्या दिवसांत पाचव्या-सहाव्या महिन्याच्या बाईला बांधावर बसून रोपांच्या जुड्या बांधायचे काम द्या, तासाने उठून चार पावले चालू द्या, आणि तिची मजुरी कापली जाऊ देऊ नका. तिला अंगाने थांब म्हटले, तर थांबता आले पाहिजे. ते तिला एकटीला जमणार नाही. तिथे आपण सगळ्यांनी उभे राहायचे आहे.