पुस्तक बनावट निघालं तर

ऑनलाइन मागवलेलं एनसीईआरटीचं पुस्तक हाती आलं की आधी एक पान उजेडासमोर धरा. खऱ्या प्रतीच्या कागदात संस्थेच्या बोधचिन्हाचं जलचिन्ह दिसतं. मुद्रणाच्या पानावर ८० जीएसएम कागद आणि या जलचिन्हाचा उल्लेखही असतो. जलचिन्ह नाही, आकृत्या पुसट, ओळी तिरक्या, तर प्रत बनावट असण्याची दाट शक्यता आहे. आवृत्तीचं वर्षही मुद्रणाच्या पानावरच पाहा, कारण २०२२नंतर अनेक पुस्तकांतले धडे वगळले गेले आणि जुनी प्रत अजून विकली जाते.

काही जण म्हणतात, निम्म्या किमतीत घेतलं, मग तक्रार कसली? पण २०२०च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांत सवलतीचा अपवाद नाही. वस्तू बनावट, सदोष किंवा जाहिरातीतल्या वर्णनापेक्षा वेगळी असेल तर विक्रेत्याला ती परत घेणं किंवा पैसे परत देणं नाकारता येत नाही. अडचण पुराव्याची असते. म्हणून पाकीट फोडताना चित्रण करा, पावती आणि वर्णनाचं पान जपा, प्रतीवर नाव घालू नका. मग संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. वर्णनात आवृत्ती लिहिलीच नसेल, तर मात्र दावा कमकुवत ठरतो. आवृत्ती कोणती, हे मागवण्यापूर्वीच विचारावं. दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.