उलट्या दांडीचं चिन्ह

उद्या यंत्रशास्त्राचा पेपर, आणि वसतिगृहातल्या एका विद्यार्थ्याच्या वहीत बिजागरीवर उभी केलेली हलकी, 1 मीटरची दांडी, टोकाला वजन घेऊन, मजेत डुलते आहे. लोलकाचं समीकरण त्यानं जसंच्या तसं उतरवलं: कोनाचं त्वरण म्हणजे उणे 9.8 गुणिले कोन. त्यातून 2 सेकंदांचा झोका निघतो. आकडेमोड चोख आहे. पण उभी काठी सोडली की पडते, हे शेंबडं पोरही सांगेल. अशा वेळी गुणाकार पुन्हा तपासण्यापेक्षा कोन कुठून मोजला ते पाहावं. लटकत्या लोलकात वजन कोन घटवतं. वरच्या उभ्या रेषेपासून मोजल्यास तेच वजन कोन वाढवतं, म्हणून चिन्ह अधिक. आता 1 अंश कलती सोडलेली दांडी सेकंदभरात सुमारे 11 अंशांवर जाते.

कुणी म्हणेल, बिजागरीचं घर्षण तिला सावरेल. गंजलेली बिजागरी दांडी धरूनही ठेवेल, हे खरं. पण वंगणाचा विरोध वेगाच्या प्रमाणात असतो. दांडी मंदावली की तोही ओसरतो. पडणं लांबतं, टळत नाही.