दीड महिन्याचे अंतर : कॅनडा आणि अमेरिका यांचे दोन ‘थँक्सगिव्हिंग’

सुगी पदरात पडल्याबद्दल ईश्वराचे सार्वजनिक रीतीने आभार मानण्याचा ‘थँक्सगिव्हिंग’ हा दिवस कॅनडात ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येतो आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. वार आणि महिना दोन्ही वेगळे असले, तरी पंचांग मांडून पाहिले असता या दोन दिवसांमधले अंतर कोणत्याही वर्षी बरोबर पंचेचाळीस दिवसांचेच भरते. या अंतराचे कारण विचारले, की कॅनडा उत्तरेला असल्यामुळे तिथे थंडी लवकर पडते आणि म्हणून सुगीही लवकर आटोपते, असे उत्तर बहुधा मिळते. ते चुकीचे नाही. कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांत, म्हणजे मध्य-पश्चिमेकडील विस्तीर्ण गवताळ मैदानांत, गव्हाची कापणी मुख्यतः ऑगस्ट-सप्टेंबरात होते आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बहुतेक शेते मोकळी झालेली असतात. परंतु हवामान हेच खरे कारण असते, तर कॅनडाचा हा दिवस आरंभापासून ऑक्टोबरातच असायला हवा होता, आणि तसा तो नव्हता. उलट अमेरिकेतही नोव्हेंबरचा चौथा आठवडा म्हणजे सुगीचा काळ नव्हे, कारण तोवर ईशान्येकडील शेते कधीच रिकामी झालेली असतात.

नोव्हेंबरच्या अखेरची प्रथा न्यू इंग्लंडमधून, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट इत्यादी ईशान्येकडील वसाहतींमधून आली. तिथे स्थायिक झालेले प्युरिटन, म्हणजे चर्चमधील थाटमाट आणि बहुतेक जुने सण नाकारणारे कडवे प्रोटेस्टंट, नाताळसुद्धा पाळत नसत. त्याऐवजी संकटाच्या वेळी उपासाचा आणि कृपेच्या वेळी आभाराचा दिवस जाहीर करण्याची त्यांची रीत होती. पुढे ही रीत वसंतात उपास आणि शरदाच्या शेवटी आभार अशी स्थिरावली आणि प्रत्येक वसाहतीचा गव्हर्नर दरवर्षी तारीख ठरवू लागला. नोव्हेंबरअखेर धान्य कोठारात पडलेले असे, जनावरे कापण्याचा हंगाम आलेला असे आणि थंडीमुळे मांस टिकत असे. नाताळ वर्ज्य असल्याने नातलगांना एकत्र जेवायला बोलावण्याचा वर्षातला मोठा प्रसंगही हाच ठरला. म्हणजे ही तारीख कापणीची नसून कापणीनंतरची सगळी कामे हातावेगळी झाल्याची होती. ज्या १६२१ च्या प्लिमथ येथील मेजवानीशी हा सण आज जोडला जातो, ती सप्टेंबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरचा आरंभ या काळात केव्हातरी झाली. म्हणजे अमेरिकेचे हे मूळ मानले गेलेले जेवण आजच्या कॅनडाच्या तारखेला अधिक जवळचे असण्याची शक्यता आहे, ही एक गंमतच म्हणायची.

न्यू इंग्लंडची ही प्रथा राष्ट्राची झाली ती यादवी युद्धात. ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाच्या संपादिका सारा जोसेफा हेल यांनी अनेक वर्षे चिकाटीने मागणी केल्यानंतर अब्राहम लिंकन यांनी ३ ऑक्टोबर १८६३ रोजी घोषणापत्र काढून नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ठरवला. त्या वर्षी तो २६ तारखेला आला, आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ मध्ये जाहीर केलेला दिवसही गुरुवार, २६ नोव्हेंबर हाच होता. ‘शेवटचा’ गुरुवार ‘चौथा’ कसा झाला, याचे उत्तर मात्र व्यापारात आहे. १९३९ च्या नोव्हेंबरात पाच गुरुवार आले आणि शेवटचा ३० तारखेला पडला. नाताळची खरेदी या सणानंतरच सुरू होत असल्याने दुकानदारांना जेमतेम तीन आठवडे उरणार होते. त्यांच्या विनंतीवरून फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी दिवस आठवडाभर अलीकडे, २३ तारखेला आणला. त्यामुळे काही राज्यांनी जुना गुरुवार पाळला, काहींनी नवा, आणि देशात दोन सण झाले. अखेर काँग्रेसने चौथा गुरुवार कायद्याने निश्चित केला आणि रूझवेल्ट यांनी २६ डिसेंबर १९४१ रोजी त्यावर सही केली.

कॅनडाची तारीख याहून बरीच अधिक भटकली. प्रांतांचा संघ १८६७ मध्ये झाल्यावर पहिला राष्ट्रीय आभारदिन एप्रिल १८७२ मध्ये पाळण्यात आला, तोही सुगीसाठी नव्हे, तर ब्रिटिश युवराज विषमज्वरातून बरे झाले म्हणून. दरवर्षी सुगीसाठी दिवस पाळण्याची प्रथा १८७९ पासून सुरू झाली आणि त्या वर्षी तो ६ नोव्हेंबरला होता. पुढची वीस वर्षे घोषणापत्रागणिक तारीख बदलत राहिली, बहुधा नोव्हेंबरातच राहिली आणि १८९८ मध्ये तर ती २४ नोव्हेंबरला, म्हणजे अमेरिकेच्या नेमक्या त्याच गुरुवारी पडली. हवामान तेव्हाही तेच होते. त्यानंतर ती ऑक्टोबराकडे सरकली आणि १९०८ मध्ये रेल्वे कंपन्यांच्या आग्रहामुळे वारही गुरुवारऐवजी सोमवार झाला, कारण रविवारला जोडून सुट्टी आली की लोक प्रवास करतात आणि तिकिटे खपतात.

यानंतरचे वळण पहिल्या महायुद्धाने दिले. युद्धविराम ११ नोव्हेंबर १९१८ रोजी झाला होता आणि त्याची आठवण राष्ट्रीय पातळीवर पाळायची होती. परंतु काही आठवड्यांच्या अंतराने दोन सार्वजनिक सुट्ट्या देण्यापेक्षा एकीतच काम भागवावे, या विचाराने कॅनडाच्या संसदेने १९२१ मध्ये असा कायदा केला, की ११ नोव्हेंबर ज्या आठवड्यात येईल त्या आठवड्याच्या सोमवारी युद्धविराम दिन आणि आभारदिन एकत्र पाळावेत. म्हणजे १९२१ मध्ये ११ तारीख शुक्रवारी असूनही दोन्ही दिवस ७ नोव्हेंबरला आले. कागदावर ही सोय सुटसुटीत होती, व्यवहारात ती कुणालाच मानवली नाही. ज्यांचे सोबती आणि मुलगे युद्धात पडले होते, त्यांना शोकाचा दिवस मेजवानीच्या आणि सहलीच्या दिवसात मिसळलेला पाहवेना. शिवाय मृतांना ज्या तारखेला आठवायचे ती तारीखच जवळजवळ दरवर्षी हुकत होती. माजी सैनिकांच्या संघटनांनी लावून धरल्यावर ब्रिटिश कोलंबियातील खासदार ए. डब्ल्यू. नील यांनी १९३१ मध्ये संसदेत दुरुस्ती मांडली. ती मंजूर होऊन ११ नोव्हेंबर हीच तारीख ‘स्मरणदिन’ म्हणून कायम झाली.

आता आभारदिनाला नोव्हेंबरात जागा उरली नव्हती, कारण अकरा तारखेच्या मागेपुढे तो ठेवला असता, तर जुनीच तक्रार पुन्हा उभी राहिली असती. म्हणून १९३१ मध्ये तो सोमवार, १२ ऑक्टोबरला नेण्यात आला. ऑक्टोबरचा मध्य कॅनडाच्या शेतीला आणि थंडीला सोयीचा असल्यामुळे या बदलाला विरोध झाला नाही. हवामानाने तारीख ठरवली नाही, पण ठरलेली तारीख टिकवली, एवढे श्रेय त्याला द्यावे लागते. तरीही कायद्यात हा दिवस लिहिलेला नव्हता, दरवर्षी घोषणापत्र काढावे लागे, आणि १९३५ मध्ये दुसऱ्या सोमवारी, १४ ऑक्टोबरला, सार्वत्रिक निवडणूक आल्याने सण त्याच महिन्यात पुढे ढकलावा लागला. अशा अडचणी टाळणारे कायमचे घोषणापत्र ३१ जानेवारी १९५७ रोजी निघाले आणि त्यात ऑक्टोबरचा दुसरा सोमवार भरघोस पिकाबद्दल ईश्वराचे आभार मानण्यासाठी नेमून देण्यात आला.