चार बाजू आणि एक कर्ण

चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा उल्लेख आहे. त्यांपैकी ‘लीलावती’ या ग्रंथात (इ. स. ११५०) आचार्यांनी एका जुन्या रीतीवर मोठा मार्मिक आक्षेप घेतला आहे.

ती रीत ब्रह्मगुप्ताची, इ. स. ६२८ मधील. चौकोनाच्या चारही बाजूंची बेरीज करून तिचे अर्ध घ्यावे. त्यातून प्रत्येक बाजू वेगवेगळी वजा करावी. चारही बाक्यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढावे, म्हणजे क्षेत्रफळ येते. आचार्य विचारतात, कर्ण ठाऊक नसता क्षेत्रफळ निश्चित कसे होणार?

पंचवीस हात बाजूंचा समभुज चौकोन घ्या. बेरजेचे अर्ध पन्नास, चारही बाक्या पंचवीस, उत्तर ६२५. चौरसाला ते बरोबर लागू पडते. परंतु चार काठ्यांच्या सैल चौकटीप्रमाणे तोच चौकोन कलला आणि कर्ण ३० व ४० झाले, तर क्षेत्रफळ त्यांच्या गुणाकाराचे अर्धे, म्हणजे ६००! बाजू मात्र त्याच राहिल्या.

चारही कोनबिंदू एकाच वर्तुळावर असतील, म्हणजेच समोरासमोरच्या कोनांची बेरीज दोन काटकोन असेल, तेव्हाच ही रीत खरी. तेव्हा त्या बाजूंचे क्षेत्रफळ महत्तम असते. एरवी उत्तर नेहमी अधिकच येते.

पारख सोपी आहे. समोरासमोरच्या बाजूंच्या गुणाकारांची बेरीज कर्णांच्या गुणाकाराइतकी हवी. येथे ती १२५०, आणि कर्णांचा गुणाकार १२००. म्हणून जमीन मोजणाऱ्याने चार बाजूंबरोबर एक कर्णही मोजावा आणि दोन त्रिकोणांची क्षेत्रफळे मिळवावी.