जाहिरातीतले नव्याण्णव

दहावीचा निकाल लागला की खामगाव, चिखली, मलकापूरच्या चौकाचौकांत शिकवणी वर्गांचे फ्लेक्स लागतात. वर मोठ्या अक्षरांत '९९ पर्सेंटाइल', खाली हसऱ्या मुलांचे फोटो आणि तळाशी बारीक अक्षरांत काहीतरी. आज मी त्या मोठ्या आकड्याविषयीच बोलणार आहे, कारण आपले पालक वर्षभराची फी भरतात ती त्याच्याकडे बघून.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ते ज्या एमएचटी-सीईटीत मिळते, ती परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. म्हणून आपल्याच सत्रातल्या किती जणांना आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण पडले, हे शंभराच्या मापात सांगतात. सत्राला दहा हजार मुले बसली आणि तुमच्या मुलीला ९९ पर्सेंटाइल मिळाले, तर तिच्या पुढे शंभर जण आहेत. पण अशी सत्रे अनेक असतात. गटात एकूण चार लाख मुले धरली, तर तिच्या पुढे सुमारे चार हजार जण होतात.

आता खरी मेख. गुणपत्रिकेवर प्रत्येक विषयाचे पर्सेंटाइल वेगळे असते आणि एकूण पर्सेंटाइल वेगळे. पीसीएम गटाच्या २०० गुणांपैकी गणिताचे १००, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५०. समजा एका मुलाला भौतिकशास्त्रात ९९ मिळाले, पण गणित बिघडले आणि एकूण ८६ वर तो थांबला. अभियांत्रिकीच्या गुणवत्ता यादीत त्याचे स्थान ८६ वर ठरते. विषयाचे पर्सेंटाइल उपयोगी पडते ते एकूण आकडा सारखा आल्यावर. फ्लेक्सवर मात्र ९९ झळकते. आकडा खोटा नसतो, पण तो कशाचा आहे हे सांगितलेले नसते. ही फसवणूकच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट फोटोची. त्या मुलाने दोन वर्षे तिथे शिकून यश मिळवले, की शेवटी फक्त सराव परीक्षा दिल्या? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. फोटोसोबत विद्यार्थ्याचा क्रमांक, त्याने घेतलेला अभ्यासक्रम, त्याची मुदत आणि त्यासाठी फी भरली होती का, हे लिहिले पाहिजे. फोटोसाठीची संमतीही निवड झाल्यानंतरच घ्यायची. मात्र पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या वर्गांनाच या सूचना लागू आहेत, त्यामुळे गल्लीतला छोटा वर्ग यातून सुटतो. तिथे चौकशी आपल्यालाच करावी लागणार.

म्हणून विनंती एवढीच. पावती फाडण्यापूर्वी विचारा: हे पर्सेंटाइल एकूण की एका विषयाचे? फोटोतले मूल कोणत्या बॅचला होते, किती महिने? गेल्या वर्षी एकूण किती मुलांनी परीक्षा दिली? उत्तर टाळले, तर फी भरू नका. आणि जाहिरात दिशाभूल करणारी वाटली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.